रात्री अकराचा कॉल आणि सकाळी सातची व्हॅन

ऑगस्टमध्ये मी कॅलिफोर्नियातल्या एका क्लायंटचं काम घेतलं. दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट घेण्याचं एक अ‍ॅप आहे, त्याचं टेस्टिंग मी नाशिकमधून घरी बसून करते. कॉल त्यांच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्या रात्री दहाला. दहा म्हणजे फार नाही, असं मला वाटलं. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी दहाला लॅपटॉप उघडून बसले तर पलीकडे कुणीच नाही. तासाभराने सगळे आले, हसतखेळत. अमेरिकेतली घड्याळं आदल्या दिवशी एक तास मागे गेली होती. कॅलेंडरमधलं निमंत्रण तेच होतं, माझी रात्र मात्र अकराला सुरू होऊ लागली.

मुलीची शाळेची व्हॅन ७:०५ ला येते, त्यामुळे मी ५:४५ ला उठते. हे बदलता येत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत मी घरात सगळ्यांवर चिडले, एकदा डब्यात भाजीच भरायला विसरले, आणि एक बग दोनदा नोंदवला. त्यानंतर जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. माझं उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं आहे, कारण आपल्यासाठी सगळ्यांत अवघड जोडी तीच. न्यूयॉर्क आणि लंडनवाल्यांचं गणित त्यामानाने सोपं आहे, ते ओघात येईलच.

आधी एक आठवडा फक्त नोंद

काहीही बदलण्याआधी एक आठवडा वहीत लिहा. कॉल किती वाजता संपायचा होता आणि किती वाजता संपला, डोळा कधी लागला, जाग कधी आली, आणि त्या कॉलमध्ये आपण स्वतः किती मिनिटं बोललो. शेवटचा रकाना सोडू नका, पुढे क्लायंटशी बोलताना तोच उपयोगी पडतो.

माझ्या आठवड्यात बुधवार सोडून शुक्रवारपर्यंत चार कॉल होते. सोमवार ते गुरुवार या चार रात्रींची झोप अनुक्रमे ४ तास ५५ मिनिटं, ५ तास १०, ५ तास ४५ आणि ४ तास ५० झाली. एकूण २० तास ४० मिनिटं. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास लागतात असं धरलं तर चार रात्रींचे २८ व्हायला हवेत. म्हणजे चार रात्रींत मी एक अख्खी रात्र गमावत होते. शनिवारी साडेनऊपर्यंत झोपून मी ती भरून काढते आहे असं मला वाटायचं.

बुधवारी तर कॉल नव्हताच. तरी झोप पावणेसहा तासच, कारण ११:२० ला फोनवर मेसेज आला आणि मी अंथरुणातूनच उत्तर दिलं. वहीत लिहिलं नसतं तर हे मला कधी कळलंच नसतं. आणि चार कॉलपैकी दोनमध्ये मी चार-पाच मिनिटंच बोलले होते: काय झालं, काय राहिलं, कुठे अडलंय.

दोन घड्याळांचा मेळ

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यांचं दोनदा सरकतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ साठी या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. उन्हाळी वेळेत कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. लंडन साडेचार आणि साडेपाच.

कॅलिफोर्नियासाठी तोंडी हिशोब असा: उन्हाळ्यात आपल्या वेळेतून अर्धा तास कमी करा आणि रात्रीची सकाळ करा. आपले रात्रीचे ९ म्हणजे त्यांचे सकाळचे ८:३०. हिवाळ्यात अर्ध्याऐवजी दीड तास कमी करा. तेच रात्रीचे ९ म्हणजे त्यांचे सकाळचे ७:३०, आणि त्या वेळी ते दात घासत असतात.

आता दिवसाची दोन्ही टोकं पाहा. जवळजवळ सगळेजण फक्त रात्रीचं टोक बघतात, कारण क्लायंट पहिला कॉल स्वतःच्या सकाळी लावतो. पण त्याच्या संध्याकाळीही एक खिडकी असते, आणि ती आपल्याकडे पहाटे-सकाळी उघडते. हिवाळ्यात त्यांचे सायंकाळचे ५ म्हणजे आपले सकाळचे ६:३०. माणूस उठलेला असतो, डोकं ताजं असतं, आणि झोपेचं एक मिनिटही जात नाही. उन्हाळ्यात हीच वेळ आपल्या पहाटे साडेपाचला येते, तेव्हा ती नको. उलट उन्हाळ्यात रात्रीचं टोक सुसह्य होतं, कारण त्यांचे साडेआठ आपल्या नऊला वाजतात.

माझ्या दृष्टीने या लेखातली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच: कॅलिफोर्नियाच्या क्लायंटबरोबर वर्षभर एकच वेळ ठेवू नका. मार्च ते नोव्हेंबर रात्री नऊ, नोव्हेंबर ते मार्च सकाळी साडेसहा. घड्याळ सरकलं की टोक बदलायचं.

वाराचंही एक आहे. सकाळचा कॉल हा त्यांचा आदला दिवस असतो. आपली सोमवार सकाळ म्हणजे त्यांचा रविवार, तेव्हा कॉल येत नाही; पण त्यांची शुक्रवार संध्याकाळ आपल्या शनिवार सकाळवर येऊन बसते. म्हणून सकाळचे कॉल त्यांच्या मंगळवार-गुरुवारला लावा, ते आपल्या बुधवार-शुक्रवारी पडतात आणि शनिवार मोकळा राहतो. न्यूयॉर्कवाल्यांना हा सगळा खटाटोप करावा लागत नाही. त्यांचे सकाळचे ८:३० आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ आणि हिवाळ्यात ७ ला येतात. तरीही न्यूयॉर्कचा क्लायंट असून कोणी रोज अकरापर्यंत जागत असेल, तर बहुतेक वेळा त्याने वेळ मागितलेलीच नसते.

शेवटची वेळ उठण्यापासून मोजा

'दहापर्यंत चालेल' हे आपण अंदाजाने बोलतो. उलटीकडून मोजा. मी ५:४५ ला उठते. सात तास मागे गेलं की १०:४५ ला डोळा लागलेला हवा. कॉल संपल्यावर लगेच झोप येत नाही. बोलून, ऐकून, इंग्रजीत भांडून डोकं तापलेलं असतं आणि चेहऱ्यावर स्क्रीनचा उजेड पडलेला असतो. माझ्या वहीत कॉल संपणं आणि डोळा लागणं यांत सरासरी तास जात होता. म्हणून कॉल ९:४५ ला संपला पाहिजे. चाळीस मिनिटांचा कॉल धरला तर सुरुवात ९ ला. ही माझी शेवटची वेळ, आणि ती आवडीनिवडीवरून नाही, शाळेच्या व्हॅनवरून ठरली आहे. तुमची पाण्यावरून ठरेल किंवा लोकलवरून.

उठण्याची वेळ पक्की धरायची आणि झोपण्याची नाही, याला कारण आहे. शरीरातलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. सकाळचा उजेड ते पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. आठवडाभर पावणेसहाला आणि शनिवार-रविवारी साडेनऊला उठलात, तर दर आठवड्याला नाशिकहून मस्कतला जाऊन आल्यासारखं होतं. दोन दिवसांत घड्याळ मागे सरकतं, रविवारी रात्री साडेबारापर्यंत झोप येत नाही, आणि सोमवारचा गजर मध्यरात्री वाजल्यासारखा वाटतो. मी तीन आठवडे ज्याला भरपाई समजत होते, तेच माझी सोमवारची रात्र बिघडवत होतं. आता सुट्टीला जास्तीत जास्त एक तास उशिरा, म्हणजे पावणेसातला उठते. कमी पडलं तर दुपारी झोपते.

क्लायंटला काय लिहायचं

वेळ बदलून मागताना आपण अडचण सांगतो: लहान मुलं आहेत, रात्र होते. क्लायंट 'सॉरी' म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच वेळ लावतो. तो वाईट नसतो. त्याच्या कॅलेंडरमध्ये तुमची रात्र दिसत नाही, एवढंच.

मी मेलमध्ये अडचण एका ओळीत लिहिली आणि बाकी सगळं त्याच्या फायद्याचं लिहिलं. थोडक्यात मजकूर असा होता: सध्या आठवड्याला चार कॉल होतात. त्यांतले दोन फक्त कामाची स्थिती सांगण्यासाठी आहेत. त्यांच्याऐवजी मी रोज एक लेखी नोंद पाठवीन, जी तुम्ही कामाला बसण्याआधी तुमच्यापर्यंत पोहोचलेली असेल. उरलेले दोन कॉल मंगळवार आणि गुरुवार. हिवाळ्यात तुमच्या संध्याकाळी पाचला, उन्हाळ्यात तुमच्या सकाळी साडेआठला. हे सहा आठवडे करून पाहू, काम अडलं तर पूर्वीची वेळ परत आणू.

शेवटच्या वाक्याने होकार आला असं मला वाटतं. कायमचा बदल म्हटलं की माणूस विचारात पडतो, सहा आठवड्यांना चटकन हो म्हणतो. सहा आठवड्यांनंतर कोणी विचारलंही नाही.

होकार आला की निमंत्रण स्वतः पाठवा, त्यांना पाठवायला लावू नका. गूगल कॅलेंडरमध्ये कार्यक्रमाचा टाइम झोन निवडता येतो. तिथे `America/Los_Angeles` हा झोन असेल तर घड्याळ सरकल्यावर त्यांची वेळ तीच राहते आणि तुमची तासभर हलते. भारतीय वेळेचा झोन, म्हणजे `Asia/Kolkata`, असेल तर तुमची जागची हलत नाही आणि त्यांची हलते. मी दोन वेगळ्या मालिका केल्या, दोन्ही भारतीय वेळेत: एक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतची, दुसरी तिथून मार्चपर्यंतची. शिवाय कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन शेजारी दिसेल असं केलं, म्हणजे डोक्यात हिशोब करताना होणारी चूक टळते. मार्चमध्ये आणखी एक गंमत असते. ब्रिटनमधली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकतात, अमेरिकेनंतर दोन-तीन आठवड्यांनी. तुमच्या कॉलवर लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्हीकडची माणसं असतील, तर त्या मधल्या दिवसांत कोणीतरी तासभर चुकतंच. ऑक्टोबरअखेर हेच आठवडाभर होतं.

कॉलची जागा घेणारी नोंद

खरी मेहनत इथे आहे. नोंद नीट नसेल तर क्लायंट तिसऱ्या दिवशी 'जरा पाच मिनिटं बोलू या का' म्हणून रात्री अकराला बोलावतो, आणि सगळं पहिल्यासारखं होतं.

माझी नोंद संध्याकाळी साडेसहाला जाते. तेव्हा तिकडे पहाटेचे पाच किंवा सहा वाजलेले असतात. तिथली प्रॉडक्ट मॅनेजर चहा-कॉफी घेऊन बसते तेव्हा ही नोंद सगळ्यांत वर दिसते. त्यांचा दिवस संपेपर्यंत तिची उत्तरं आलेली असतात, आणि व्हॅन गेली की मी ती वाचते. म्हणजे एक प्रश्न आणि एक उत्तर यांना एक दिवस लागतो. सगळी अडचण या एका दिवसातून निघते. मी विचारलं, 'रद्द झालेल्या अपॉइंटमेंटचा मेसेज जायला हवा का?' उत्तर आलं, 'कोणाला?' एक दिवस गेला. मी लिहिलं, 'पेशंटला.' उत्तर आलं, 'पेशंटने स्वतः रद्द केली असेल तर नको.' दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्याने रद्द केली तर काय, हा प्रश्न उरलाच.

तोच प्रश्न आता मी असा लिहिते: अपॉइंटमेंट रद्द झाल्यावर मेसेज कोणाला जावा, याच्या दोन शक्यता दिसतात. पेशंटने रद्द केली तर फक्त दवाखान्याला. दवाखान्याने रद्द केली तर फक्त पेशंटला. मी असं धरून टेस्ट लिहिते आहे. तुमच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत वेगळं काही कळलं नाही तर हेच पक्कं समजेन. नंतर बदललं तर अर्ध्या तासाचं काम वाढेल.

या लिहिण्यात चार गोष्टी आहेत: उत्तराच्या सगळ्या फांद्या आपणच मांडायच्या, आपली निवड सांगायची, मुदत त्यांच्या घड्याळात द्यायची, आणि चुकलं तर किंमत किती तेही सांगायचं. मग उत्तर आलं नाही तरी काम थांबत नाही. मात्र जिथे चूक महाग पडते, म्हणजे पैसे कापले जाणं, पेशंटची माहिती बाहेर जाणं, असलेला डेटा पुसणं, तिथे गप्प बसण्याला होकार समजू नका. ते प्रश्न कॉलसाठी राखून ठेवा. कॉल असतात ते त्यासाठीच.

शब्दांत समजावणं अवघड असेल तेव्हा स्क्रीनचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडते. त्याहून मोठं कोणी बघत नाही, मीही बघत नाही. बाकी नोंद साधी असते: आज काय झालं, उद्या काय करणार, काय अडलंय. एका पानाच्या आत.

आणि 'अर्जंट' म्हणजे काय ते आधीच लिहून घ्या. आमच्यात ठरलंय ते असं: अ‍ॅप बंद पडलं किंवा पेशंटना चुकीच्या वेळा दिसू लागल्या तर फोन करायचा. मेसेज नाही, फोन. मेसेज मी रात्री साडेनऊनंतर पाहत नाही. अ‍ॅपच्या सूचना फोनमध्ये बंद असतात आणि त्या एकाच नंबराची रिंग चालू असते. रात्री उठवलं तर त्या तासांचे दीडपट पैसे. दर लावल्यानंतर चार महिन्यांत एकच फोन आला, आणि तो खरोखर अर्जंट होता.

तरीही रात्रीचा कॉल आलाच तर

महिन्यातून एक-दोन रात्री अशा येतातच: मोठा डेमो, नवीन आवृत्ती बाहेर पडण्याची रात्र. त्या दिवसाची तयारी रात्री नाही, दुपारी सुरू होते.

दुपारच्या जेवणानंतर, तीनच्या आत, वीस मिनिटं डोळे मिटते. गजर लावून. पाऊण तास झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि अंग जड होतं, आणि पाचनंतर झोपलं तर रात्रीची झोप खर्च होते. चहा तीननंतर बंद. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री साडेनऊला कॉलच्या आधी 'तरतरी यावी' म्हणून घेतलेला कप रात्री अडीचलाही अर्धा अंगात असतो. झोप येईलही, पण हलकी. हे सोडणं मला सगळ्यांत जड गेलं, कारण आमच्या घरी कोणी जागं असेल तर सासूबाई न विचारता चहा टाकतात. त्यांना सांगावं लागलं. आता त्या गरम दूध देतात, जे मला आवडत नाही.

जेवण घरच्यांबरोबर आठला, कॉलनंतर नाही. कॉलच्या खोलीत वरची ट्यूब बंद आणि बाजूचा पिवळा दिवा. चेहरा कॅमेऱ्यात जरा कमी उजळ दिसतो, चालतं. कॉल संपला की लॅपटॉप मिटायचा. कॉलमध्ये निघालेली कामं लगेच उरकावीशी वाटतात, आणि तिथेच रात्र हातची जाते. मी ती कागदावर लिहिते, पाच ओळी, आणि कागद लॅपटॉपवर ठेवून बाहेर येते. लिहिलं की डोक्यात घोळत नाही. मग उरलेली भांडी आवरणं किंवा उद्याचे कपडे काढणं, असं हात चालणारं आणि डोकं न लागणारं काहीतरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जात नाही.

दुसऱ्या दिवशी तासाभराहून जास्त उशिरा उठायचं नाही. अशा सकाळी नवरा मुलीचं आवरतो आणि मी पावणेसातला उठते. उठल्यावर दहा मिनिटं गच्चीत. उरलेली तूट दुपारच्या वीस मिनिटांवर आणि पुढच्या रात्री अर्धा तास लवकर झोपण्यावर भागते. स्कूटर मात्र त्या दिवशी काढत नाही. हे मी गंमतीने लिहीत नाही. चार-पाच तासांच्या झोपेवर सिग्नलला डोळा मिटतो आणि आपल्याला कळतही नाही.

घरात

घरच्यांना रात्रीचा कॉल खटकतो, पण त्याहून खटकतं ते आयत्या वेळी कळणं. आता दर रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे कॉल स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहिते. फोनमधलं कॅलेंडर सासूबाई बघत नाहीत आणि मुलगीही नाही. भिंतीवरचं सगळे बघतात. लाल खूण म्हणजे त्या सकाळी डबा कोणाचा हेही तिथेच लिहिलेलं असतं.

हिवाळ्यातले सकाळी साडेसहाचे कॉल नेमके डब्याच्या वेळेवर येतात. बुधवार आणि शुक्रवार नवऱ्याने घेतले. तो अंबडच्या एमआयडीसीत जनरल शिफ्टला जातो आणि सव्वाआठला निघतो, त्यामुळे जमतं. भाजी आदल्या रात्री चिरलेली असते, कणीक मळून फ्रिजमध्ये. पहिल्या दोन आठवड्यांत कुकरच्या शिट्ट्या कॉलमध्ये गेल्या आणि कचऱ्याच्या गाडीचं गाणंही. मग कुकर सव्वासहाच्या आत उतरवायचं ठरलं. मी बोलत नसताना माइक बंद ठेवते. गाडीचं गाणं आता तिकडच्या लोकांना ओळखीचं झालंय.

एक गोष्ट मी अजिबात सोडत नाही: संध्याकाळी सात ते साडेआठ. नोंद साडेसहाला गेली की लॅपटॉप बंद, आणि तो नऊच्या कॉललाच उघडतो, तोही कॉल असला तर. मुलीचा अभ्यास, जेवण, पत्ते. आधी मी 'रात्री काम आहेच, तर संध्याकाळीही थोडं उरकू' म्हणून बसायचे, आणि मुलीच्या दृष्टीने आई दुपारी चार ते रात्री बारा कामातच असायची.

जमतंय की नाही हे कसं कळेल

तीन आठवड्यांनी पुन्हा वही काढा. गजराच्या आधी पाच-दहा मिनिटं आपोआप जाग येऊ लागली असेल, तर घड्याळ बसलं. सुट्टीच्या दिवशी तासाभराहून जास्त झोपावंसं वाटत असेल, तर आठवड्यात अजून तूट आहे. दुपारी शांत बसल्यावर पाच मिनिटांत डोळा लागतो याचा काहीजणांना अभिमान असतो. ते झोप अपुरी पडत असल्याचं लक्षण आहे. वेळ देऊनही आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, किंवा घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास अडकतो, तर तो कॉलचा प्रश्न उरत नाही. डॉक्टरांकडे जा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणू नका.

हे सगळं ज्यांना वेळ मागता येते त्यांच्यासाठी आहे. सपोर्टच्या ठरलेल्या रात्रपाळीत असलेल्यांना ती मागता येत नाही. माझा भाऊ पुण्यात तसंच काम करतो. त्याच्याबरोबर बसून मी जो ठोकताळा काढला तो असा: आठवड्यात दोन किंवा कमी रात्री उशीर होत असेल, तर घड्याळ हलवू नका, वर लिहिलंय तसं सावरा. चार किंवा जास्त रात्री असतील, तर सगळं घड्याळच हलवा. तो रोज पहाटे अडीच ते सकाळी साडेनऊ झोपतो, सुट्टीलाही साधारण त्याच वेळी, जाड पडदे लावून आणि दारावर 'बेल वाजवू नये' अशी पाटी लावून. सुट्टीला मित्रांसाठी दिवसाचा माणूस होण्याचा मोह त्याने पहिले सहा महिने केला आणि त्यात पित्त आणि चिडचिड कमावली. अगदी तसंच जमत नसेल तर निदान चार तास रोज एकाच वेळी झोपेत पडतील एवढं पाहायचं; त्याच्यासाठी ते चार ते आठ.

मधल्या तीन रात्रीवाल्यांची गत सगळ्यांत वाईट, कारण त्यांचं घड्याळ ना इकडचं ना तिकडचं. त्यांनी एक रात्र कमी करून घ्यायची, आणि त्यासाठी क्लायंटला मेल लिहायचा. तो ऑक्टोबरच्या मध्यातच पाठवलेला बरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ सरकतं, आसपास दिवाळी असते, आणि अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री अकराच्या कॉलवर बसून कोणाशीही वेळेबद्दल गोड बोलता येत नाही.